फ्रीलान्सर, एजन्सी की पगारी माणूस: आमच्या फाउंड्रीच्या वेबसाइटचा निर्णय

जून २०२३ मधल्या एका सकाळी पुण्यातल्या आमच्या जुन्या ग्राहकाच्या खरेदी विभागातून फोन आला. "तुमच्या कंपनीचं नाव गूगलवर शोधलं तर खाली जपानी अक्षरं दिसतायत, आणि क्लिक केलं तर बुटांचं दुकान उघडतंय," असे ते गृहस्थ म्हणाले. मी लगेच ब्राउझरमध्ये आमचा पत्ता टाइप केला. वेबसाइट नेहमीसारखी उघडली, तसे मी त्यांना सांगितले, आणि माझ्या त्या उत्तरामुळे आमचे आणखी दोन दिवस वाया गेले. अशा हल्ल्यात नेमके हेच होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पत्ता थेट टाइप करणाऱ्याला मूळ पान दिसते आणि गूगलमधून येणाऱ्याला मात्र दुसरीकडे वळवले जाते, त्यामुळे वेबसाइटच्या मालकाला ही गोष्ट सगळ्यांत शेवटी कळते. तिसऱ्या दिवशी एका परिचिताने गूगलमध्ये `site:` लिहून त्यापुढे आपला पत्ता टाकायला सांगितले, तेव्हा आमच्या साठ-सत्तर पानांच्या वेबसाइटवर आम्ही कधीही न लिहिलेली हजारो पाने दिसू लागली.

आमची फाउंड्री कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आहे. पंप आणि व्हॉल्व्हसाठी लागणारी कास्टिंग आम्ही करतो आणि त्यांतली काही मशीनिंग करून देतो. वेबसाइटवरून आम्ही काही विकत नाही. तरीही कोटेशन मागवण्याआधी बाहेरच्या कंपनीचा खरेदी अधिकारी तिथे येऊन चार गोष्टी पाहतो: आम्ही किती किलोपर्यंतचे कास्टिंग करतो, कोणत्या ग्रेडमध्ये करतो, मशीन शॉपमध्ये काय आहे आणि आयएसओचे प्रमाणपत्र चालू आहे का. त्या जागी त्याला बुटांचे दुकान दिसले, तर तो फोन करून आपल्याला कळवत बसत नाही, पुढच्या फाउंड्रीकडे जातो. पुण्याच्या त्या गृहस्थांचे आम्ही म्हणूनच आभार मानले.

ही वेबसाइट २०१७ मध्ये एका तरुण फ्रीलान्सरने वर्डप्रेसवर बनवून दिली होती. काम चांगले होते आणि माणूस सरळ होता. पुढे त्याला बंगळुरूला नोकरी लागली आणि आमचे काम रात्री किंवा रविवारी होऊ लागले. "ताई, या आठवड्यात नाही जमणार, पुढच्या शनिवारी नक्की बघतो," हे वाक्य आम्हाला सवयीचे झाले होते. त्यात त्याचा दोष नव्हता, कारण देखभालीसाठी आम्ही त्याच्याशी कधी करारच केला नव्हता. मुखपृष्ठावर फोटो सरकत दाखवणारा एक जुना प्लगइन वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेले आहे त्या पीएचपीच्या नव्या आवृत्तीवर चालत नसल्याने सर्व्हरवरची पीएचपी ७.४ तशीच ठेवलेली होती. त्या आवृत्तीला सुरक्षेची दुरुस्ती मिळणे नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबले होते. आमच्याकडे हे पाहणारे कोणी नव्हते आणि त्याला पाहायला वेळ नव्हता.

नवा माणूस कोण शोधायचा, यावर घरात आणि ऑफिसात चर्चा सुरू झाली. बाबांचे म्हणणे होते की, एक मुलगा पगारावर ठेवावा, म्हणजे कोणाच्या शनिवारची वाट पाहावी लागणार नाही. हिशेब पाहणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना पुन्हा फ्रीलान्सरच हवा होता, कारण तो स्वस्त पडतो. मला स्वतःला एजन्सी बरी वाटत होती. मात्र त्याचे कारण विचारले असते, तर "एजन्सी म्हणजे कंपनी असते" यापलीकडे मला काही सांगता आले नसते.

त्या वादातून आम्हाला बाहेर काढले ते एका वेगळ्याच अडचणीने. हल्ला झालेल्या वेबसाइटच्या सफाईसाठी बोलावलेल्या माणसाने विचारले, "डोमेन कोणाच्या नावावर आहे?" डोमेन म्हणजे आमच्या कंपनीचा पत्ता. तोच प्रत्येक व्हिजिटिंग कार्डवर, प्रत्येक डिलिव्हरी चलनावर आणि सगळ्या ई-मेलच्या शेवटी छापलेला असतो. तपासले तेव्हा कळले की तो फ्रीलान्सरच्या वैयक्तिक खात्यात होता, नोंदही त्याच्याच नावाची होती, आणि नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या कॉलेजच्या काळातल्या, आता बंद असलेल्या ई-मेलवर जात होत्या. मुदत संपायला पाच आठवडे उरले होते. `.com` डोमेनची मुदत संपली, तर विक्रेत्याप्रमाणे कमी-अधिक सवलतीचा काळ मिळतो. त्यानंतर तीस दिवसांचा असा काळ असतो की मोठा दंड भरून डोमेन सोडवून घेता येते. तोही उलटला की ते खुले होते आणि कोणीही घेऊ शकते. पत्ता गेला की त्यावरची ई-मेलही जाते, हे मी बाबांना सांगितले, तेव्हा वेबसाइटच्या चर्चेत ते पहिल्यांदा खुर्ची ओढून बसले.

फ्रीलान्सरने त्याच दिवशी सहकार्य केले, म्हणून हे निभावले. डोमेन दुसऱ्या विक्रेत्याकडे हलवण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. मालकाची नोंद बदलल्यावर बहुतेक वेळा साठ दिवस डोमेन दुसऱ्या विक्रेत्याकडे नेता येत नाही, आणि आमच्याजवळ तेवढे दिवस नव्हते. त्याच विक्रेत्याकडे कंपनीच्या नावाचे नवे खाते उघडले, त्याने डोमेन त्या खात्यात ढकलले, मालकाच्या जागी कंपनीचे नाव आले आणि आम्ही पाच वर्षांचे नूतनीकरण करून टाकले. खात्याला ई-मेल दिला तो जाणीवपूर्वक आमच्या डोमेनबाहेरचा. डोमेनच बंद पडले, तर त्याच डोमेनवरच्या ई-मेलवर पासवर्ड बदलण्याची लिंक येणार कशी?

या प्रकरणामुळे माझ्या मनातला प्रश्नच बदलला. तिघांपैकी काम कोणाला द्यायचे हे ठरवण्याआधी कोणत्या गोष्टी तिघांपैकी कोणालाच द्यायच्या नाहीत, हे ठरवायला हवे होते. डोमेनचे खाते, होस्टिंगचे खाते, गूगलच्या शोधात आपली वेबसाइट कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगल सर्च कन्सोलची मालकी आणि बॅकअपची एक प्रत या चार गोष्टी आम्ही कागदावर लिहिल्या. त्या कंपनीच्या नावावर राहतील आणि काम करणाऱ्याला त्यांत फक्त प्रवेश मिळेल, असे ठरवले. सर्च कन्सोल उघडून पाहिले, तेव्हा तिथे मालक म्हणून एक अनोळखी पत्ताही नोंदलेला सापडला. हल्लेखोराने स्वतःच स्वतःला मालक करून घेतले होते.

दुसरे काम केले ते मागच्या बारा महिन्यांच्या मोजणीचे. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी पडले ते हेच. फ्रीलान्सरशी झालेले सगळे मेल आणि व्हॉट्सअॅपवरचे निरोप काढले, वर्षभरात त्याच्याकडून काय काय करून घेतले ते लिहिले आणि प्रत्येकासमोर त्याला विचारून अंदाजे तास टाकले. आकडा आला अठ्ठ्याहत्तर तासांचा, म्हणजे महिन्याला साडेसहा. त्यांतले अठ्ठेचाळीस तास तांत्रिक नव्हतेच. नऊ नव्या कास्टिंगची पाने, त्यांचे फोटो, नवे प्रमाणपत्र, प्रदर्शनाची सूचना, बदललेला फोन नंबर अशी ती कामे होती. ज्यासाठी खरोखर वेबसाइटचे तंत्र जाणणारा माणूस लागतो, असे काम वर्षाला तीस तासांचेच होते.

त्या अठ्ठेचाळीस तासांतही बराच वेळ चुका दुरुस्त करण्यात गेला होता. एसजी ५००/७ या ग्रेडमध्ये मधली तिरकी रेघ हा एक आकडा आहे असे समजून पानावर "५००१७" छापले गेले होते. एका पंप केसिंगच्या फोटोखाली दुसऱ्याच केसिंगचे वजन होते. बाहेरच्या माणसाला ही चूक दिसणे शक्यच नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही केसिंग सारखीच काळी आणि गोल असतात. आमच्या ड्रॉइंग ऑफिसमधल्या सहकारी मात्र ती पान उघडताक्षणी ओळखतात.

ही मोजणी हातात घेऊन आम्ही तिन्ही पर्यायांकडे वळलो.

पगारी माणसासाठी चार मुलाखती घेतल्या. कोल्हापुरात दोन-तीन वर्षांच्या अनुभवाच्या मुलांची अपेक्षा महिन्याला सव्वीस ते तीस हजारांची होती. अठ्ठावीस हजार धरले, तर भविष्य निर्वाह निधी आणि दिवाळीचा बोनस मिळून वर्षाला चार लाखांच्या जवळ खर्च जात होता. त्यांतला एक मुलगा मला फार आवडला. त्याने आमची वेबसाइट आधीच पाहिली होती आणि हल्ल्याची खूणही ओळखली होती. मुलाखत संपताना त्याने विचारले, "मॅडम, नवी साइट तीन महिन्यांत होईल. चौथ्या महिन्यात मी काय करायचं?" मी म्हणाले की, इतरही कामे असतात, प्रिंटर, नेटवर्क, संगणक. तो नम्रपणे म्हणाला, "मग मी वेबचं काम विसरून जाईन." त्याचे म्हणणे खरे होते. महिन्याला अडीच तासांच्या तांत्रिक कामावर कोणाचे कौशल्य टिकत नाही, आणि त्याचे काम बरे की वाईट हे पारखणारे आमच्याकडे कोणी नव्हते. असा मुलगा वर्षभरात जातो आणि आपल्याबरोबर पासवर्डही घेऊन जातो. ज्यांच्या वेबसाइटवर रोज ऑर्डर येतात, दर बदलतात, साठा दाखवावा लागतो, त्यांनी माणूस ठेवावाच. आमची गरज तशी नव्हती. बाबांना हे पटायला आठवडा लागला.

फ्रीलान्सर दोघे पाहिले. एकाने पंचेचाळीस हजार सांगितले आणि दुसऱ्याने नव्वद हजार. दुप्पट दराचे कारण विचारले, तेव्हा दुसऱ्याने पानेच्या पाने भरून सांगितले: जुन्या प्रत्येक पानाचा पत्ता नव्या पानाकडे वळवणार, छापील कॅटलॉगवरचे क्यूआर कोड चालू ठेवणार, फोटो लहान करणार, फॉर्मची मेल स्वतंत्र मेल सर्व्हरवरून पाठवणार. पहिल्याच्या कोटेशनमध्ये "रिस्पॉन्सिव्ह वेबसाइट, वीस पाने" एवढेच होते. दोघांचे दर वेगळे नव्हतेच, दोघे वेगवेगळ्या कामाचे दर सांगत होते. हे लक्षात आल्यावर आम्ही कामाची यादी स्वतः लिहिली आणि सगळ्यांना तीच पाठवली.

एजन्सीही दोन पाहिल्या. मोठी होती तिचे सादरीकरण सुंदर होते. दोन लाख चाळीस हजारांत त्यांच्या स्वतःच्या प्रणालीवर ते वेबसाइट बनवून देणार होते. मी विचारले, "उद्या आम्ही दुसऱ्याकडे गेलो, तर ही वेबसाइट उचलून नेता येईल का?" विक्रीच्या माणसाने "मजकूर आणि फोटो नक्की मिळतील" असे सांगितले. याचा अर्थ वेबसाइट मिळणार नव्हती, मिळणार होते ते तिच्यातले सामान. डोमेनच्या अनुभवानंतर आम्ही तिथेच थांबलो. दुसरी एजन्सी राजारामपुरीत होती आणि चौघांची होती. त्यांनी वर्डप्रेसवर एक लाख साठ हजार सांगितले. त्यांना मी दोन प्रश्न विचारले. आमचे काम प्रत्यक्ष कोण करणार, आणि तो नसला तर कोण? समोर बसलेल्या दोघांची नावे मिळाली. होस्टिंग कोणाचे? त्यांनी स्पष्ट सांगितले की, आपल्या तीसेक ग्राहकांच्या साइट ते एकाच मोठ्या खात्यात ठेवतात. आम्ही स्वतंत्र खाते आमच्या नावावर घेण्याचा आग्रह धरला. एका खात्यातल्या एका साइटवर हल्ला झाला, तर बाकीच्यांनाही त्याची लागण होऊ शकते.

शेवटी नव्वद हजारांचा फ्रीलान्सर आणि ही चौघांची एजन्सी असे दोन उरले. दोघांनाही आम्ही एकच छोटे काम पैसे देऊन करायला सांगितले. जुन्या वेबसाइटच्या बॅकअपवरून तात्पुरत्या पत्त्यावर तिची चालती प्रत उभी करायची, त्यासाठी प्रत्येकी चार हजार रुपये. यात फाइल आणि डेटाबेस असे दोन्ही भाग नीट जुळावे लागतात, त्यामुळे माणसाचा हात कसा आहे ते कळते आणि आपला बॅकअप खरा आहे का, तेही कळते. फ्रीलान्सरने एका दिवसात प्रत उभी केली आणि ती एजन्सीच्या प्रतीपेक्षा नीट होती. एजन्सीला तीन दिवस लागले आणि एक फोटो-गॅलरी चालत नव्हती. पण त्यांनी सोबत दोन पानी टिपण दिले: कोणते प्लगइन आहेत, कोणते विकतचे आहेत, त्यांचा परवाना कोणाचा आहे, प्रशासक म्हणून कोणती अनोळखी खाती सापडली, प्रत उभी करताना कोणत्या पायऱ्या घेतल्या. ते टिपण वाचून तिसरा माणूस तेच काम करू शकला असता. फ्रीलान्सरला मी विचारले की, त्याला पंधरा दिवस काही कारणाने हे काम पाहता आले नाही, तर काय होईल. तो प्रामाणिक होता. "माझ्याऐवजी दुसरं कोणी नाही," असे तो म्हणाला.

आम्ही एजन्सी निवडली. कारागीर म्हणून फ्रीलान्सर सरस होता, हे मी तेव्हाही मानत होते आणि आजही मानते. आमची वेबसाइट पाच-सहा पानांची माहितीपत्रिका असती, तर मी त्यालाच काम दिले असते. पण एकाच माणसाच्या वेळेवर अवलंबून राहणे सहा वर्षे आम्ही अनुभवलेच होते.

कराराच्या मसुद्यावर आमच्या वकिलांनी अर्धा तास दिला, आणि त्या अर्ध्या तासात मला एक गोष्ट नव्याने कळली. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. बाहेरच्या माणसाने पैसे घेऊन केलेल्या कामाला हा नियम सरसकट लागू होत नाही. वेबसाइटचे कोड आणि डिझाइन पैसे देऊनही आपोआप आपले होत नाही, ते हस्तांतर लेखी आणि सहीनिशी करून घ्यावे लागते. हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर हक्क भारतापुरता धरला जातो. आम्ही बाहेरच्या देशांत माल पाठवतो, म्हणून "कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी" हे शब्द आम्ही घातले. वकिलांनी आणखी एक प्रश्न विचारायला लावला: एजन्सी डिझाइन स्वतः करते की बाहेरून करून घेते? बाहेरून करून घेते, असे उत्तर आले. म्हणजे त्या डिझायनरकडून एजन्सीला आणि एजन्सीकडून आम्हाला, असे दोन्ही कागद लागणार होते. एजन्सीने पहिला कागद तेव्हाच करून घेतला. त्यांच्याकडेही तो नव्हता.

विकतच्या प्लगइनचे परवाने आम्ही आमच्या नावावर घेतले. एजन्सी स्वतःच्या एकाच परवान्यावर सगळ्या ग्राहकांच्या साइट चालवते, तेव्हा सुरुवातीला पैसे वाचतात. पण एजन्सी सोडली की त्या प्लगइनला अद्ययावत आवृत्ती मिळणे थांबते आणि वर्षा-दोन वर्षांनी आपण पुन्हा पीएचपी ७.४ च्या जागी येऊन बसतो.

देखभालीचा करार बांधणीपासून वेगळा ठेवला. एजन्सीने वर्षाला साठ हजारांत "अमर्यादित मदत" सुचवली होती. आमच्याजवळ मोजणी होती, म्हणून आम्ही महिन्याला तीन तास, तासाला हजार रुपये, म्हणजे वर्षाला छत्तीस हजार असे ठरवले. न वापरलेले तास त्या तिमाहीत पुढे जातील आणि केलेल्या कामाची नोंद दर महिन्याला लेखी मिळेल, ही अट घातली. "अमर्यादित" या शब्दात कोणते काम आधी होणार, हे कोणीच सांगत नाही. तासांत बोलले, की दोन्ही बाजूंना आपापली मर्यादा ठाऊक असते.

अठ्ठेचाळीस तासांचे काम आम्ही घरातच ठेवले. ड्रॉइंग ऑफिसमधल्या आमच्या सहकारी नव्या कास्टिंगचे पान स्वतः भरतात. त्यासाठी एजन्सीने एक साचा करून दिला आहे: नाव, ग्रेड, वजन, मशीनिंग आणि फोटो अशा ठरलेल्या जागा. त्यांना पानाची रचना बदलता येत नाही, फक्त माहिती भरता येते, आणि हे त्यांनीच मागितले होते. महिन्याला चार तास या कामासाठी म्हणून त्यांच्या कामाच्या वाटणीत लिहिले आणि ड्रॉइंगचे तेवढे काम दुसऱ्याकडे दिले. तसे केले नसते, तर हे काम ओव्हरटाइमशिवायचे ओझे होऊन महिन्याभरात मागे पडले असते.

नवी वेबसाइट ऑक्टोबर २०२३ मध्ये नव्या होस्टिंगवर गेली. त्या आधी मी परिचिताने शिकवल्याप्रमाणे ऑफिसच्या संगणकावर `example.com` च्या जागी आमचा पत्ता घालून या तीन ओळी चालवून त्यांची उत्तरे छापून ठेवली होती.

```
nslookup -type=ns example.com
nslookup -type=mx example.com
nslookup -type=txt example.com
```

पहिली ओळ डोमेनच्या नोंदी कोणाकडे आहेत ते सांगते. दुसरी ई-मेल कोठे पोहोचते ते सांगते, आणि तिसऱ्या ओळीच्या उत्तरात आमच्या नावाने मेल पाठवण्याची परवानगी कोणाला आहे ती नोंद असते. होस्टिंग बदलताना या नोंदी ठेवणारे नेमसर्व्हर बदलले, तर या सगळ्या नोंदी नव्या जागी पुन्हा लिहाव्या लागतात. एजन्सीने मेलची नोंद लिहिली, पण परवानगीची नोंद राहून गेली. वेबसाइट उत्तम दिसत होती, मेल येत होती, सगळे खूश होते. दर सोमवारी सहकारी वेबसाइटवरून एक खोटी चौकशी पाठवतात आणि ती विक्रीच्या खात्यात आली का ते पाहतात. त्या सोमवारी ती आली नाही. शोधली तर स्पॅमच्या फोल्डरमध्ये सापडली, आणि तिच्याबरोबर मस्कतहून आलेली एक खरी चौकशीही तिथेच होती, चार दिवसांपूर्वीची. छापलेला कागद आणि नवे उत्तर शेजारी ठेवल्यावर गळालेली ओळ दहा मिनिटांत दिसली आणि एजन्सीने ती तासाभरात घातली. हा सोमवारचा नेम नसता, तर ही चूक किती आठवडे तशीच राहिली असती, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

एजन्सीबरोबरचे सगळेच सुखाचे आहे असे नाही. दोन ओळींचा बदलही चार दिवस घेतो, कारण त्यांच्याकडे रांग असते. जुना फ्रीलान्सर रविवारी रात्री का होईना, वीस मिनिटांत करून द्यायचा. बोलणारी व्यक्ती दोनदा बदलली आणि प्रत्येक वेळी आमची मशीन शॉप नव्याने समजावून सांगावी लागली. पहिल्या वर्षी छत्तीसपैकी एकोणतीस तास वापरले गेले, तेव्हा आमची मोजणी बरीच बरोबर ठरली. पुढच्या वर्षीही तेवढेच तास घेतले, कारण उरलेले सात तास आम्ही बॅकअप उभा करून पाहण्याच्या तालमीसाठी राखले.

ती तालीम वर्षातून एकदा होते. या वर्षीच्या तालमीआधी आमचे काम सुरुवातीपासून पाहणारा एजन्सीतला मुलगा नोकरी सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेल्या मुलीने आमची वेबसाइट याआधी उघडलीही नव्हती. तिने ते दोन पानी टिपण काढले, आता ते पाच पानी झाले आहे, आणि दुपारपर्यंत तात्पुरत्या पत्त्यावर चालती प्रत उभी केली. टिपणातली सातवी पायरी जुनी झाल्याचे तिच्या लक्षात आले, ती तिने दुरुस्त करून खाली तारीख टाकली आणि अडीच तासांची नोंद पाठवली. आमच्या सहकाऱ्यांनी त्या प्रतीवर एसजी ५००/७ चे पान उघडून आकडा पाहिला आणि मग प्रत काढून टाकायला सांगितले.